लिकर्ट स्केलवर 24 पैकी 24 घटक 'महत्त्वाचे' आलेत. आता यातून काय काढू?

मुठाकाठी
नमस्कार मंडळी. एम.टेक. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय 'पुणे परिसरातील गृहप्रकल्पांच्या यशाचे घटक'. जुने पेपर वाचून 24 घटक काढले आणि गूगल फॉर्म केला. प्रत्येक घटकापुढे 'अजिबात महत्त्वाचा नाही' ते 'अत्यंत महत्त्वाचा' अशी 1 ते 5 स्केल. ओळखीपाळखीतून, व्हॉट्सॅप ग्रुपवर मागे लागून 60 जणांकडून भरून घेतला. त्यात 22 ठेकेदारांकडचे, 20 विकसकांकडचे, 18 आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट.

गाइडने सांगितलं की आरआयआय म्हणजे सापेक्ष महत्त्व निर्देशांक काढ, क्रमवारी लाव, क्रॉनबाखचा अल्फा दे, झालं. तसं केलं. सगळ्यात वरच्या घटकाचा आरआयआय 0.867, सगळ्यात खालचा 0.78. म्हणजे सगळंच महत्त्वाचं! अल्फा 0.93 आलाय, गाइड खूश आहेत. पण 'चर्चा' या प्रकरणात लिहायला बसले की दोन वाक्यांपुढे जात नाही. वरिष्ठ व्यवस्थापनाचा पाठिंबा पहिला आणि कामाची स्पष्ट व्याप्ती दुसरी. बरं मग?

दीड महिना हातात आहे. आहे त्या विदेतून काही निघेल का, की नवीन फॉर्म काढू?

टवाळ
बघ, पंचवीसवा घटक 'नशीब' टाकला असतास तर तोही 0.85 आला असता.

विदाभक्त
अल्फा 0.93 म्हणजे उत्तम. 0.7 च्या वर असलं की प्रश्नावली विश्वसनीय, हे परीक्षकांना पुरतं. पण एक जपून. लिकर्ट विदा क्रमवाचक असते, तिची सरासरी काढायची नसते. 'सहमत' आणि 'पूर्ण सहमत' यांत जेवढं अंतर तेवढंच 'तटस्थ' आणि 'सहमत' यांत आहे हे कुणी सांगितलं? सरासरी दिसली की व्हायव्हात फाडतात. म्हणूनच सगळे आरआयआय वापरतात. सोबत मिडियन दे आणि सुटका करून घे.

स्लॅबवाला
तुमच्यासारख्यांचे हे फॉर्म मला महिन्याला दोन-तीन येतात, ताई. राग मानू नका, पण भरताना काय होतं ते सांगतो. साइटवर उभा असतो, पोरगं फोनवर लिंक पाठवतं. उघडलं की ओळीने प्रश्न: नियोजन महत्त्वाचं आहे का? सुरक्षितता महत्त्वाची आहे का? दर्जा महत्त्वाचा आहे का? आता 'सुरक्षितता महत्त्वाची नाही' असं लिहून देणारा माणूस जगात आहे का? सटासट 4, 5, 5, 4 दाबतो आणि काँक्रीटची गाडी आली का बघायला जातो. आणि त्या तक्त्यातले उजवीकडचे पर्याय फोनवर दिसतच नाहीत, बोटाने सरकवावं लागतं.

अंकलिपी
स्लॅबवाल्यांनी पहिल्याच दिवशी दुखणं पकडलं. तरी आधी विदाभक्तांच्या दोन मुद्द्यांबद्दल लिहिते, कारण ते प्रत्येक धाग्यात येतात.

मुठाकाठी, पहिल्या दोन घटकांना किती 5, किती 4 मिळालेत ते इथे टाकशील का? नुसता आरआयआय नको, मोजणी हवी.

सोनचाफा
छान विषय! माझ्या मुलीला आठवीला 'परिसरातील पाणीवापर' प्रकल्प आहे, त्यासाठीही प्रश्नावली करायची आहे. किती प्रश्न ठेवावेत? आणि प्रकल्प यशस्वी होण्यासाठी फाइल रंगीत केली तर चालते का?

टवाळ
सोनचाफा, फाइल रंगीत करा. यशाचा तो एकमेव सिद्ध झालेला घटक आहे.

मुठाकाठी
@अंकलिपी,
वरिष्ठ व्यवस्थापनाचा पाठिंबा: पाच 30, चार 22, तीन 6, दोन 2, एक 0.
कामाची स्पष्ट व्याप्ती: पाच 28, चार 25, तीन 6, दोन 0, एक 1.

अंकलिपी
आता गंमत बघ. पहिल्याची बेरीज 150 + 88 + 18 + 4 = 260. आरआयआय म्हणजे ही बेरीज भागिले जास्तीत जास्त शक्य बेरीज, म्हणजे 5 × 60 = 300. झाले 0.867. दुसऱ्याची बेरीज 140 + 100 + 18 + 0 + 1 = 259, म्हणून 0.863.

दोघांत फरक एका गुणाचा. साठ माणसांपैकी एकाने 4 ऐवजी 5 दाबलं असतं तर दोघे बरोबरीत आले असते. या एका गुणाच्या जोरावर तुझ्या प्रबंधात 'वरिष्ठ व्यवस्थापनाचा पाठिंबा हा सर्वांत निर्णायक घटक होय' असं वाक्य जाणार होतं. वर स्लॅबवाले तर म्हणतायत की ते सटासट दाबतात.

आता सरासरीचं. 260 भागिले 60 म्हणजे 4.33. ते भागिले 5 म्हणजे 0.867. आरआयआय ही सरासरीच आहे, फक्त पाचाने भागलेली. सरासरी निषिद्ध म्हणून आरआयआय वापरायचा, हे म्हणणं एका वाक्यात स्वतःलाच खोडतं. तरीही दर वर्षी ढिगाने प्रबंधांत ते असतं.

आणि मिडियन? पहिल्या घटकाला बरोबर 30 जणांनी 5 दिले, म्हणजे साठ जणांना रांगेत उभं केलं तर मधल्या दोघांतला एक 5 वाला आणि एक 4 वाला. मिडियन 4.5. दुसऱ्याला 28 पाच आहेत, म्हणून मिडियन 4. एका गुणाचा फरक मिडियनमध्ये अर्ध्या पायरीचा दिसायला लागला. शिवाय 4.5 असा पर्याय तुझ्या फॉर्मवर नव्हताच. तेव्हा मिडियन घेतला की सुटका होते असंही नाही.

विदाभक्त
मान्य, आरआयआयचा मुद्दा मला असा सुचला नव्हता. पण मग क्रमवाचक विदेचं काय? सुसान जेमिसन यांनी 2004 मध्ये सरासरी काढण्यावर स्पष्ट टीका केली होती, आमच्या विभागात तो लेख सगळ्यांना वाचायला देतात.

अंकलिपी
त्याच विभागाने जेफ्री नॉर्मन यांचा 2010 चा लेखही द्यावा. त्यांचं म्हणणं, सरासरीवर चालणाऱ्या चाचण्या अशा विदेवरही सहसा टिकतात, उगाच बाऊ करू नका. दोन्ही बाजूंना भले लोक आहेत आणि हे भांडण इथे मिटणार नाही.

मी स्वतः एवढंच बघते: आकडा एका प्रश्नाचा आहे की चार-पाच विधानांच्या बेरजेचा? रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये जी पद्धत मांडली ती एकाच गोष्टीबद्दलच्या अनेक विधानांची उत्तरं एकत्र करण्याची होती. तशा बेरजेची सरासरी काढायला मी कचरत नाही. एकेकट्या प्रश्नाची काढली तर शेजारी मोजणी छापते, म्हणजे वाचणाऱ्याला खरं चित्र दिसतं. एका घटकाला 20 जणांनी 5, 20 जणांनी 3 आणि 20 जणांनी 1 दिला तरी आरआयआय 0.6. साठच्या साठ जणांनी 3 दिला तरी 0.6. पहिल्यात भांडण आहे, दुसऱ्यात कंटाळा.

डब्लिनकर
इथे एमबीएच्या प्रबंधासाठी मी सॉफ्टवेअर प्रकल्पांवर हेच केलं होतं. पिंटो आणि स्लेव्हिन यांनी 1987 मध्ये दहा घटकांची यादी दिली होती: प्रकल्पाचं उद्दिष्ट, वरिष्ठांचा पाठिंबा, वेळापत्रक, ग्राहकाशी सल्लामसलत, माणसं वगैरे. तिथून सुरुवात केली. त्या यादीबरोबर त्यांची जी प्रश्नावली होती ती 'हे महत्त्वाचं आहे का' असं विचारत नाही. एक प्रत्यक्ष प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवायला सांगते आणि त्या प्रकल्पात ही गोष्ट किती होती ते विचारते. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

बाकी डब्लिनमध्येही लोक फॉर्म भरत नाहीत. फक्त 'नाही' जरा गोड बोलून म्हणतात.

स्लॅबवाला
हे बरोबर आहे. मला 'बिल वेळेवर मिळणं महत्त्वाचं आहे का' विचारू नका. मागच्या बिल्डिंगला आरए बिल टाकल्यावर किती दिवसांनी पैसे आले ते विचारा, तारखेसकट सांगतो. पहिली दोन बिलं पंधरा दिवसांत, आठव्या स्लॅबनंतर दोन महिने. त्याच स्लॅबनंतर माझी सेंट्रिंगवाली टोळी दुसऱ्या साइटवर गेली. उशीर का झाला ते कळायला 24 प्रश्न लागत नाहीत.

मुठाकाठी
@स्लॅबवाला, 'ठेकेदाराला वेळेवर बिल मिळणे' हा माझ्या यादीत आहे! आरआयआय 0.82, क्रमांक अकरावा. त्यावर एक ओळही लिहिलेली नाही.

अंकलिपी
अकरावा? गटवार मोजणी टाक बघू.

मुठाकाठी
ठेकेदार (22): पाच 18, चार 4.
विकसक (20): पाच 2, चार 6, तीन 9, दोन 3.
कन्सल्टंट (18): पाच 5, चार 9, तीन 4.

अय्या.

टवाळ
स्लॅबवाले, 22 पैकी ते चार 'चार' वाले शोधा. त्यांना आगाऊ पैसे मिळत असणार.

अंकलिपी
हे तुझं प्रकरण. ठेकेदारांचा आरआयआय 106 भागिले 110, म्हणजे 0.96. विकसकांचा 67 भागिले 100, म्हणजे 0.67. कन्सल्टंटचा 73 भागिले 90, म्हणजे 0.81. तिघांना एकत्र ढवळलं की 246 भागिले 300, 0.82, अकरावा क्रमांक, आणि कुणाचं लक्ष जात नाही. ज्याच्या हातात पैसे सोडणं आहे त्याला ते मध्यम महत्त्वाचं वाटतं, आणि ज्याची टोळी त्यावर अडकते त्याला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या एका गुणापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे, आणि ती तुझ्या आहे त्याच विदेत पडून होती.

तेव्हा 24 घटकांचे असे तीन-तीन तुकडे कर. तीन गटांसाठी क्रुस्कल-वॉलिस चाचणी, आणि जिथे फरक दिसेल तिथे दोन-दोन गट घेऊन मान-व्हिटनी. दोन्ही चाचण्या क्रमावर चालतात, त्यामुळे विदाभक्तांचीही झोप मोडणार नाही. फक्त 24 वेळा चाचणी केलीस तर 5 टक्क्यांच्या पातळीवर एखाद-दुसरा घटक निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' निघणारच. म्हणून काठावर आलेल्यांवर पानं खर्चू नकोस. बिलाचा घटक काठावरचा नाही, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

क्रमवारी द्यायचीच असेल तर प्रत्येक आरआयआयभोवती किती हालचाल शक्य आहे ते दाखव. 'आर'मध्ये तीन ओळी:

```r
f <- c(rep(5,30), rep(4,22), rep(3,6), rep(2,2))
r <- replicate(5000, mean(sample(f, replace=TRUE))/5)
quantile(r, c(.025, .975))
```

त्याच साठ उत्तरांतून परत-परत चिठ्ठ्या काढून बघतोय, एवढंच. तुझ्या पहिल्या घटकाला साधारण 0.83 ते 0.91 असा पट्टा मिळेल. मग 0.84 वाल्या घटकाला नववा आणि 0.85 वाल्याला सातवा म्हणण्यात काय अर्थ आहे ते तूच ठरव. मी तर 'वरचा गट, मधला गट, खालचा गट' एवढ्यावर थांबेन.

विदाभक्त
आणि अल्फाचं काय? 0.93 तरी चांगला आहे ना?

अंकलिपी
नाही हो. क्रॉनबाख यांचा 1951 चा अल्फा, एकच गोष्ट मोजणारी अनेक विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. हिच्या यादीत बिलं, पाऊस, परवानग्या, कामगार, सुरक्षितता असं सगळं आहे. ते एकमेकांशी जुळावं अशी अपेक्षाच नाही. तरी 0.93 का आला? दोन कारणं. एक, यादी लांब आहे. प्रश्नांतला परस्परसंबंध सरासरी 0.3 इतका साधारण असला तरी 24 प्रश्नांवर अल्फा 0.91 येतो, आणि तेवढ्याच संबंधावर तीन प्रश्नांचा 0.56. दुसरं, जो माणूस सगळ्यालाच 5 देतो आणि जो सगळ्यालाच 4 देतो, त्यांच्यामुळे हा परस्परसंबंध तयार होतो. म्हणजे स्लॅबवाल्यांची सटासट पद्धत अल्फा वाढवते!

गाइडना हवा असेल तर छापा, पण 'यावरून घटकांचे महत्त्व सिद्ध होते' असं वाक्य नको.

प्रबंधपीडित
गाइडशी वाद घालू नकोस हा माझा अनुभवाचा सल्ला. आमच्यात एकाने अल्फा गाळला, तर 'पद्धती' प्रकरण दोनदा परत आलं. अल्फा परिशिष्टात टाक, ते तिथे शांत बसतात.

माझा प्रश्न वेगळा. तटस्थ पर्याय ठेवावा का? मी चारच पर्याय दिले होते, म्हणजे माणूस एका बाजूला झुकतोच.

डब्लिनकर
झुकतो खरा, पण ज्याला खरंच माहीत नाही त्याला तू खोटं बोलायला लावतोस. 3 राहू दे आणि 'लागू नाही' वेगळा दे. कन्सल्टंटला कामगारांच्या हजेरीबद्दल काय माहीत?

प्रबंधपीडित
'लागू नाही' दिला की आळशी लोक तोच दाबतात. माझ्याकडे पाच पर्यायांच्या पहिल्या फेरीत निम्मे 3 आले होते.

डब्लिनकर
निम्मे 3 आले तर प्रश्नच वाईट असेल. असो, यावर आपलं जमणार नाही.

मुठाकाठी
सगळ्यांचे खूप आभार. गटवार तुकडे काल रात्री केले. बिल सोडून अजून दोन ठिकाणी मोठा फरक आहे: 'ड्रॉइंग वेळेवर मिळणे', यात कन्सल्टंट मंडळींनी स्वतःला फार दोष दिलेला नाही, आणि 'ग्राहकाने मागितलेले बदल'. यावर प्रकरण उभं राहील असं वाटतंय.

आता डब्लिनकर म्हणतात तसा छोटा दुसरा फॉर्म काढावा का? गाइडनी 'हवं तर पूरक अभ्यास म्हणून कर' असं सांगितलंय.

अंकलिपी
कर, पण 24 घटक नको. फरक निघालेले तीनच घे आणि प्रत्येकावर तीन-चार विधानं. महत्त्व विचारायचं नाही, काय घडलं ते विचारायचं. पर्याय 'कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी'. आणि पहिल्या फॉर्ममध्ये 'प्रकल्प व्यवस्थापकाचा अनुभव आणि संवादकौशल्य' असा घटक असेल, पैज लावते. एका प्रश्नात दोन गोष्टी. अनुभवी पण तिरसट माणसाला काय द्यायचं?

सगळ्यात मोठा प्रश्न यश कशाने मोजणार हा आहे. त्याच माणसाला 'प्रकल्प कितपत यशस्वी झाला' विचारलंस तर ज्याचा मूड चांगला तो दोन्हीकडे चांगलं भरेल, आणि तुला सुंदर संबंध दिसेल जो प्रकल्पात नाही, त्या माणसाच्या डोक्यात आहे. यशाचा आकडा बाहेरून आण. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पाची पूर्ततेची तारीख आणि पुढे वाढवलेली तारीख कुणालाही बघता येते. उत्तरदात्याकडून प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घे आणि किती महिने घसरला ते तू स्वतः काढ.

स्लॅबवाला
ताई, चांगली युक्ती आहे, पण आतली गोष्ट सांगतो. 2017 ला रेरा आला तेव्हा जे प्रकल्प आधीच चालू होते त्यांची नोंदणी करताना नवीन तारखा टाकता आल्या. दोन वर्षं रखडलेली बिल्डिंगसुद्धा कागदावर वेळेत पूर्ण झालेली दिसेल. आणि कोविडमध्ये सरसकट मुदतवाढ मिळाली होती, ती कुणाच्या कर्तबगारीवर टाकणार?

अंकलिपी
अगदी बरोबर, हे मला सुचलं नसतं. मग नियम असा कर: नोंदणीच्या वेळी ज्याचं काम सुरूच झालेलं नव्हतं असेच प्रकल्प. घसरण मोजायची ती नोंदणीत पहिल्यांदा दिलेल्या पूर्ततेच्या तारखेपासून. कोविडच्या मुदतवाढीत सापडलेले वेगळे ठेव आणि त्यांच्यासकट व त्यांच्याशिवाय असं दोन्ही काढून दाखव.

'तुमच्या आवडीचा प्रकल्प निवडा' असंही म्हणू नकोस, सगळे आपला दागिनाच दाखवतील. 'सर्वांत अलीकडे पूर्ण झालेला' म्हण. एका प्रकल्पातले दोघे आले तर त्यांना दोन प्रकल्प धरायचं नाही.

डब्लिनकर
पण 'पूर्ण झालेला' म्हटलं की बंद पडलेले प्रकल्प गळाले. अपयशाचा अभ्यास यशस्वी लोकांना विचारून!

अंकलिपी
हो, आणि याला माझ्याकडे उपाय नाही. बंद पडलेल्या साइटवरचा माणूस शोधणं आणि त्याने फॉर्म भरणं, दोन्ही अवघड. मर्यादांमध्ये स्पष्ट लिहावं लागेल. 40 प्रकल्प मिळाले तरी सहसंबंध साधारण 0.31 च्या वर असेल तरच 5 टक्क्यांवर टिकेल, हेही आधीच माहीत असलेलं बरं. छोटे परिणाम एवढ्यात दिसणार नाहीत.

मुठाकाठी
बिलाच्या घटकासाठी विधानांचा मसुदा, कृपया झोडपा:
1. आरए बिल करारातल्या मुदतीत मिळत होते.
2. बिलातील कपातीचे कारण लेखी कळवले जात होते.
3. पैसे अडकल्यामुळे टोळी किंवा माल कमी पडला.
4. बिलांच्या बाबतीत विकसकाची वागणूक व्यावसायिक आणि न्याय्य होती.

तिसरे उलटे आहे, मुद्दाम, सटासट दाबणारे पकडायला.

विदाभक्त
उलट्याचे गुण फिरवायला विसरू नकोस, नाहीतर अल्फा कोसळेल. एक्सेलमध्ये `=6-D2`. आणि गूगल फॉर्मचा तक्ता आकडे देत नाही, 'नेहमी', 'क्वचित' असे शब्द देतो. ते आधी आकड्यांत बदल. नाहीतर `COUNT` शून्य मोजतं आणि आरआयआयच्या सूत्रात `#DIV/0!` येतं.

अंकलिपी
यात एक खड्डा आहे. उत्तर रिकामं असेल तर `=6-D2` चं उत्तर 6 येतं, कारण एक्सेल रिकाम्या घराला शून्य धरतं. पाचच्या स्केलवर 6! म्हणून:

```
=IF(D2="","",6-D2)
```

फिरवून झाल्यावर प्रत्येक स्तंभाचा `MAX` बघ. 5 च्या वर काही दिसलं तर हेच झालंय.

विधानं: 4 काढ. त्यात परत 'आणि' आलाय, आणि ते मत आहे, घटना नाही. 1 चांगलं आहे. 3 मध्ये कारण आणि परिणाम एकत्र बांधलेत. टोळी कमी पडली पण मुकादमाच्या भांडणामुळे, तर तो काय भरेल?

स्लॅबवाला
1 ला माझी हरकत. करारात मुदतच नसते हो बऱ्याचदा, वर्क ऑर्डरवर 'बिल पास झाल्यावर' एवढंच असतं. आणि बिल पास कधी करायचं ते त्यांच्या हातात. 'बिल दिल्यापासून 30 दिवसांत पैसे जमा झाले' असं विचारा.

मुठाकाठी
बदलते. 30 दिवस सगळ्यांना चालेल का, की विकसक म्हणतील 45?

स्लॅबवाला
विकसक 45 म्हणतील, म्हणूनच 30 ठेवा.

अंकलिपी
आकडा विधानात नकोच. सरळ विचार: 'सर्वसाधारणपणे बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे मिळाले?' आणि मोकळी जागा ठेव. जिथे दिवस मोजता येतात तिथे लिकर्टला कशाला त्रास द्यायचा. ड्रॉइंगच्या बाबतीत मात्र विधानंच लागतील, 'काम सुरू व्हायच्या आधी सुधारित ड्रॉइंग साइटवर हातात होतं' अशा धाटणीची.

प्रबंधपीडित
आणि दिवसांच्या रकान्यात कुणी 'लवकरच' लिहिलं तर?

टवाळ
तो विकसक समजायचा आणि त्या गटात टाकायचा.